कर्वेनगर ते बाणेर, १२ किलोमीटर: सायकलची वही, हिशोबासकट

मंजिरी के

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ऑफिसला सायकलने जायला सुरुवात केली. शाळा सुटल्यापासून सायकलला हात लावला नव्हता. ही सायकल भावाची आहे, २६ इंची, गिअरची, गुठळ्यांच्या जाड टायरची, तीन वर्षं त्याच्या गॅलरीत धूळ खात पडलेली. रस्ता असा: कर्वेनगर, नळस्टॉप, लॉ कॉलेज रोड, मग सेनापती बापट रस्त्याचा चढ, पलीकडचा उतार, विद्यापीठ चौक आणि बाणेर रोड. नकाशावर मोजलं तर बरोबर १२ किमी भरतं. घराच्या फाटकातून निघताना आणि ऑफिसच्या फाटकात शिरताना मनगटावरच्या घड्याळात वेळ बघते आणि वहीत लिहिते. फक्त सकाळचा प्रवास. संध्याकाळी भाजी, वाणसामान असे थांबे होतात, म्हणून तो हिशोबात नाही.

वहीतून उतरवते आहे:

आठवडा १: ५८, ५६, ६० मिनिटं. बेरीज १७४, अंतर ३६ किमी. ३६ ÷ १७४ × ६० = १२.४ किमी/तास. (चढावर दोनदा खाली उतरून ढकलली. शेजारून शाळेतली मुलं गेली.)

आठवडा २: ५५, ५३, ५४. बेरीज १६२. ३६ ÷ १६२ × ६० = १३.३. (उतरले नाही, पण वर पोचल्यावर दम खायला थांबले.)

आठवडा ३: ५०, ४९, ५१, ४८. बेरीज १९८, अंतर ४८ किमी. ४८ ÷ १९८ × ६० = १४.५. (टायरवर ४० ते ६५ पीएसआय छापलंय आणि आत हवा २५ होती! ५० भरून घेतली. चेनला तेल.)

आठवडा ४: ४८, ४७, ४९, ४६. बेरीज १९०. ४८ ÷ १९० × ६० = १५.२.

आता दोन प्रश्न.

एक, मला आठ आठवड्यांत २० चा वेग गाठायचाय. तीन आठवड्यांत वेग २.८ ने वाढला आणि सरासरी वेळ ५८ वरून ४७.५ वर आली, म्हणजे साडेदहा मिनिटं वाचली. याच चालीने सातव्या आठवड्यात १८ चा वेग आणि ३७ मिनिटं व्हायला हवीत ना?

दोन, चौथ्या आठवड्याच्या सोमवारी दुकानातून सायकलवर छोटा मीटर बसवून घेतला. त्या दिवशी मला घड्याळाने ४८ मिनिटं लागली, म्हणजे वेग १५. मीटरवर सरासरी वेग, म्हणजे AVS, १८.५! कुणाचं खरं मानायचं? खरं सांगायचं तर मीटरचं मानायला आवडेल.

टॉपगिअर निनाद

आधी ते गुठळ्यांचे टायर काढून टाका. डांबरी रस्त्यावर ते म्हणजे पायाला दगड बांधून पळणं. गुळगुळीत टायर लावा, २६ × १.५ मिळतात. वेग सरळ ५ ने वाढेल, २० काय अन् २२ काय. मी स्वतः लावलेत.

वर्षा डोंबिवली

छान उपक्रम! माझा मुलगा सातवीत आहे, त्याला २४ इंची घ्यावी की २६? आणि १२ किमीत कॅलरी किती जळतात तेही वहीत लिहा ना.

ब्रेव्हेवाला

वर्षाताई, दुकानात नेऊन मधल्या दांड्यावर दोन्ही पाय टाकून उभा करा. दोन्ही टाचा जमिनीला आरामात टेकल्या तर ती त्याची सायकल. बाकी वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

मंजिरीताई, तुमच्या पहिल्या प्रश्नातच त्याचं उत्तर दडलंय. १२ किमी १८ च्या वेगाने गेलात तर ४० मिनिटं लागतात, ३७ नाही. ३७ मिनिटांना साडेएकोणीसचा वेग लागेल. तुम्ही वेग एका चालीने पुढे नेला, वेळही एका चालीने पुढे नेली, पण हे दोघं हातात हात घालून चालत नाहीत.

वहीत वेगाशेजारी आणखी एक आकडा लिहायला लागा: एका किलोमीटरला किती मिनिटं. १२ चा वेग म्हणजे किलोमीटरला ५ मिनिटं, १५ म्हणजे ४, २० म्हणजे ३, ३० म्हणजे २. बघा, पाचाचे चार करायला वेग फक्त ३ ने वाढवावा लागला. चाराचे तीन करायला ५ ने, आणि तिनाचे दोन करायला तब्बल १० ने. प्रत्येक पायरीला तुमची वाचणार तीच १२ मिनिटं. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत घड्याळ भराभर उतरतं आणि मग माणसाला वाटतं की आपण अडकलो. अडकलेलं काही नसतं.

त्यातही वरच्या पायऱ्यांवर हवा आडवी येते. हवेशी झगडायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. १८ वरून २५ वर जायचं तर नुसत्या हवेसाठी अडीच पटीहून जास्त ताकद लागते, आणि तीही जाड टायरच्या सायकलवर, ताठ बसून.

मीटरचं: चाक थांबलं की मीटरचं घड्याळ थांबतं. सिग्नलला तुम्ही उभ्या असता तो वेळ त्याच्या लेखी घडलेलाच नसतो. TM असं लिहिलेला चालत्या वेळेचा आकडा दिसतो का? तो बघून सांगा. DST, म्हणजे अंतर, पण सांगा.

मंजिरी के

TM ४१:०० आणि DST १२.६१. हे ६१ कुठून आले? मी रोज त्याच रस्त्याने जाते.

ब्रेव्हेवाला

मग तुमच्या मीटरला दोन वेगवेगळे आजार आहेत.

पहिला सांगितला तोच. ४८ मिनिटांतली ७ मिनिटं तुम्ही उभ्या होतात. चालत्या वेळेचा वेग काढा: १२ ÷ ४१ × ६० = १७.६. म्हणजे १५ आणि १७.६ मधला फरक सिग्नलचा. दोन्ही आकडे खरेच, प्रश्न वेगळे आहेत. पायांची प्रगती बघायची तर १७.६, ऑफिसात कधी पोचणार ते बघायचं तर १५.

दुसरा आजार १७.६ आणि १८.५ मधला. मीटर अंतर मोजत नाही, तो फक्त चाकाचे फेरे मोजतो. आऱ्यावर लोहचुंबक आहे, तो सेन्सरसमोरून गेला की एक फेरा. एका फेऱ्याला किती मिलिमीटर धरायचे ते कुणीतरी त्यात भरलेलं असतं. दुकानदाराने बहुतेक मोठ्या चाकाचा आकडा ठेवला. सेटिंगमध्ये जाऊन बघा.

मंजिरी के

२१५५ आहे!

ब्रेव्हेवाला

तो ७०० × ३२ च्या चाकाचा आकडा. तुमच्या २६ × १.९५ ला साधारण २०५० लागतो. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका, मोजा. पुढच्या चाकाचा व्हॉल्व्ह बरोबर खाली आणा, जमिनीवर खडूने रेघ मारा, तीन फेरे सरळ पुढे जा, व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला की दुसरी रेघ. मधलं अंतर भागिले तीन. एकच फेरा मोजलात तर सेंटीमीटरभराची चूक तशीच्या तशी राहते, तीन फेऱ्यांत तिचे तीन वाटे होतात. आणि सायकलवर बसून करा.

सातपूरकर

वाचून गंमत वाटली. नाशकात मी सातपूरच्या कारखान्यात एकतीस वर्षं सायकलने गेलो. काळी, दांड्याची, गिअर-बिअर नाही, पुढे डबा अडकवलेला. अंतर आठ किलोमीटर. वेग किती होता ते आजही ठाऊक नाही. भोंग्याच्या आधी फाटकात शिरलो की झालं. पण एक विचारतो. पस्तीस मिनिटं लागायची तरी मी पन्नास मिनिटं आधी निघायचो. तुम्ही किती आधी निघता?

मंजिरी के

काका, ते मी मोजलंच नाही. पावणेआठला निघते आणि मग धावपळ करते.

चाक मोजलं! पार्किंगमध्ये, रविवारी. आधी नुसती हाताने ढकलत नेली, तीन फेऱ्यांना ६ मीटर २१ सेंटीमीटर. मग बसून. तोल सांभाळायला आमच्या वॉचमनकाकांनी मागून सीट धरली, माझा मुलगा जमिनीवर पालथा पडून व्हॉल्व्हवर डोळा ठेवून "थांब, थांब, अजून थोडं" करत होता. या वेळी ६ मीटर १५. दोनदा केलं, दोन्ही वेळा १५. माझ्या वजनाने टायर दबतो आणि चाक तेवढं लहान होतं, हे डोळ्यांनी दिसलं.

६१५ ÷ ३ = २०५ सेंटीमीटर, म्हणजे २०५०. आणि २१५५ ÷ २०५० = १.०५१. मीटर प्रत्येक किलोमीटरला ५१ मीटर फुकट देत होता. १२ × १.०५१ = १२.६१. माझे ६१ सापडले.

आता मीटरवर २०५० भरलंय. १८.५ गेले याचं थोडं वाईट वाटतंय.

टॉपगिअर निनाद

माझ्या टायरच्या सल्ल्याचं काय झालं?

ब्रेव्हेवाला

निनाद, तुमचं अर्धं बरोबर आहे. गुठळ्यांचा टायर डांबरावर ताकद खातो, हवा कमी असली की जास्तच. पण ५ चा वेग नुसत्या टायरने वाढत नाही. तुम्ही टायरबरोबर आणखी काय बदललं?

समजा, मंजिरीताईंचा चालता वेग टायरमुळे २० झाला. चालता वेळ ३६ मिनिटं. सिग्नलची ७ तशीच. एकूण ४३. म्हणजे ४७.५ वरून साडेचार मिनिटांची बचत. वाईट नाही, पण दारापासून दारापर्यंतचा वेग येतो १६.७, २० नाही. टायर सिग्नल हिरवा करत नाही.

आता २० चं लक्ष्य घ्या. १२ किमीला ३६ मिनिटं. त्यातून ७ वजा केली की चालायला २९ उरतात. १२ ÷ २९ × ६० = २४.८. सकाळच्या गर्दीत कर्वे रस्त्यावर, त्या सायकलवर, मी नाही करू शकत.

आम्ही ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत लांब पल्ल्याची सायकलस्वारी करतो, तिथे २०० किमीला साडेतेरा तासांची मुदत असते. २०० ÷ १३.५ = १४.८. यात चहा, पंक्चर, सिग्नल, पोहे सगळं धरलेलं असतं, घड्याळ कुणासाठी थांबत नाही. तुमचा चौथ्या आठवड्याचा दारापासून दारापर्यंतचा वेग याच्या वर आहे, एवढं लक्षात ठेवा.

टॉपगिअर निनाद

सीट वर केली होती आणि नवीन चेन टाकली होती. बरं, ठीक आहे, ५ नसेल. पण टायरने वाढला एवढं नक्की.

मंजिरी के

आठवडा ५: ४६, ४५, ४७, ४५, ७२ (!).

शुक्रवारी लॉ कॉलेज रोडवर मागचं चाक बसलं. पंक्चरवाल्याचं दुकान नुकतं उघडत होतं. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधले, टायरच्या आत बोट फिरवून काच काढली, एकूण अर्धा तास गेला. ही काच काढायची आठवण मीच केली. ती तशीच राहिली असती तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

बेरीज २५५, ६० किमी, ६० ÷ २५५ × ६० = १४.१. म्हणजे वेग घटला? शुक्रवार गाळला तर ४८ ÷ १८३ × ६० = १५.७. गाळू का? गाळलं तर लबाडी वाटते.

अंकलिपी

मी शाळेत गणित शिकवते, सायकलमधलं फार कळत नाही. पण पाच आकडे चढत्या क्रमाने मांडा: ४५, ४५, ४६, ४७, ७२. मधला उचला, ४६. शुक्रवारी ७२ लागली काय अन् १७२ लागली काय, मधला ४६ च राहतो. काही गाळायला नको आणि लबाडीही नाही.

आणखी एक, नंतर तुम्ही सगळ्या आठवड्यांची सरासरी काढायला जाल म्हणून आधीच सांगते. वेगांची सरासरी काढू नका. पहिल्या चार आठवड्यांचे वेग १२.४, १३.३, १४.५, १५.२, त्यांची सरासरी १३.८५ येते. खरा आकडा असा: एकूण १६८ किमी, एकूण ७२४ मिनिटं, १६८ ÷ ७२४ × ६० = १३.९२. तक्त्यात अंतर B मध्ये आणि मिनिटं C मध्ये असतील तर:

```
=SUM(B2:B15)/SUM(C2:C15)*60
=MEDIAN(C2:C15)
```

टॉपगिअर निनाद

१३.८५ आणि १३.९२! एवढ्यासाठी कोण डोकं फोडतंय?

ब्रेव्हेवाला

इथे फरक नगण्य आहे कारण आठवडे एकमेकांसारखेच आहेत. चढ-उताराला हीच चूक अंगाशी येते. मंजिरीताई, तुमच्या चढाची आणि उताराची वेळ वेगळी मोजली आहे का?

मंजिरी के

चौथ्या आठवड्यात एकदा मोजली होती. चढ मीटरवर साधारण दीड किलोमीटर, ९ मिनिटं. पलीकडचा उतारही तेवढाच, ३ मिनिटं.

ब्रेव्हेवाला

चढावर १०, उतारावर ३०. सरासरी २० म्हणावंसं वाटतं. पण ३ किलोमीटरला १२ मिनिटं लागली, म्हणजे वेग १५. उतारावर तुम्ही फक्त ३ मिनिटं असता, चढावर ९. जिथे जास्त वेळ राहता त्याचंच वजन जास्त पडतं.

यातून कामाची गोष्ट निघते. उतारावर जीव मुठीत धरून ३० चे ४० केलेत तर ३ मिनिटांची सव्वादोन होतील, वाचली पाऊण. चढावर १० चे १२ केलेत तर ९ ची साडेसात होतील, वाचली दीड. दुप्पट फायदा, आणि हाडं शाबूत.

चढाला गिअर कुठला असतो?

मंजिरी के

पुढचं मधलं चक्र. लहान चक्रावर पाय फार फिरतात आणि सायकल पुढे सरकत नाही असं वाटतं.

ब्रेव्हेवाला

तेच. चढ सुरू व्हायच्या आधी, पॅडलवर जोर नसताना, पुढचं लहान चक्र घ्या. मध्येच जोरात असताना बदललंत तर चेन कडकड करते, कधी उतरतेही. मग पाय मिनिटाला साठ फेऱ्यांच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. पहिले चार दिवस बावळटासारखं वाटेल.

सीटही बघून घ्या. पॅडल तळाला असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ झाला पाहिजे. नवीन लोकांची सीट नेहमी खाली असते, कारण सिग्नलला दोन्ही पाय टेकायचे असतात.

सातपूरकर

पंक्चरच्या दिवसाबद्दल अंकलिपीताईंशी माझं जमत नाही. मधला आकडा वहीसाठी ठीक. पण साहेबाने तुमची शुक्रवारची ७२ मिनिटंच पाहिली ना? माझ्या पन्नास मिनिटांचा हिशोब तोच होता. पस्तीस चालायला, पंधरा पंक्चरला. मला पंप आणि ट्यूब जवळ ठेवायची सवय होती, म्हणून पंधरात भागायचं.

अंकलिपी

काका, तुम्ही वेळेवर पोचायचं बोलताय, मी प्रगतीचं. निघायची वेळ सगळ्यात वाईट दिवसावरून ठरवावी, हे मान्य. पण त्या दिवसाने पायांचा निकाल लावू नये.

सातपूरकर

वही दोन ठेवा मग.

मंजिरी के

दोन वह्या नाहीत, दोन रकाने केलेत. आता रोज तीन आकडे लिहिते: घड्याळाचा एकूण वेळ, मीटरचा TM, आणि वजाबाकी करून उभं राहिलेला वेळ. मागचे दोन आठवडेही मीटरमधून भरले. TM ला चाकाच्या आकड्याशी देणंघेणं नाही, त्यामुळे जुने वेळ बरोबरच होते.

आठवडा ४, सरासरी: एकूण ४७.५, उभं ७, चालतं ४०.५. चालता वेग १२ ÷ ४०.५ × ६० = १७.८.

आठवडा ५ (शुक्रवार सोडून, काका माफ करा): एकूण ४५.७५, उभं ६.५, चालतं ३९.२५. चालता वेग १८.३. सीट बोटभर वर केली होती.

आठवडा ६: ४५, ४४, ४६, ४४, ४५. बेरीज २२४. ६० ÷ २२४ × ६० = १६.१. हुर्रे!

हुर्रे लिहून झाल्यावर रकाने भरले. एकूण ४४.८, उभं ४.६, चालतं ४०.२. चालता वेग १७.९, म्हणजे पाचव्या आठवड्यापेक्षा कमी! उन्हामुळे या आठवड्यात ७:२० ला निघत होते. नळस्टॉप रिकामा होता आणि विद्यापीठ चौकात एकाच सिग्नलमध्ये सुटत होते. जवळपास दोन मिनिटं उभं राहणं वाचलं, आणि मी मात्र घरी सांगत होते की पाय तयार झाले. पाय उलट दमले होते, लागोपाठ दुसऱ्या आठवड्यात पाचही दिवस चालवली.

ब्रेव्हेवाला

हीच तर वहीची मजा. मंगळवारी-बुधवारी काय होतं ते बघा, आठवड्याच्या शेवटी चालता वेळ वाढतो का?

मंजिरी के

वाढतो. सोमवारी ३९.५, शुक्रवारी ४१. पण एकाच आठवड्यावरून काय बोलणार.

टॉपगिअर निनाद

तब्येतीचं ऐका, बुधवार सुट्टी घ्या. (टायर बदला.)

मंजिरी के

आठवडा ७: ४७, ४९, ४६, ४८. बेरीज १९०. ४८ ÷ १९० × ६० = १५.२. पाऊस आला! चौथ्या आठवड्याचाच आकडा मिनिटभरही न बदलता परत आला, जणू मधले दोन आठवडे झालेच नाहीत.

सरासरी ४७.५, म्हणजे सहाव्या आठवड्यापेक्षा २.७ मिनिटं जास्त. उभं राहणं तेवढंच, ४.६. म्हणजे सगळी वाढ चालत्या वेळेत. कुठे गेली ते शोधलं. रिमवर ओले ब्रेक लागत नाहीत, पहिले दोन फेरे नुसतं पाणी पुसलं जातं आणि मग पकडतात. त्यामुळे उतार ३० ऐवजी २० ने उतरले: दीड किलोमीटरला ३ ऐवजी साडेचार मिनिटं. दीड मिनिट इथे सापडलं. उरलेलं १.२ मिनिट रेनकोटचं असावं. बाणेर रोडवर समोरून वारा होता आणि रेनकोट शिडासारखा फुगत होता.

ब्रेव्हेवाला

उतारावरचं दीड मिनिट परत मागू नका, ते पावसाळाभर द्यायचंच आहे. रेनकोटचं खरं असेलही, पण दमटपणा, खड्डे चुकवणं, पाण्यातून हळू जाणं, सगळं त्या १.२ मध्ये आहे. वजाबाकीत उरलेल्याला एकच नाव देऊ नका.

मंजिरी के

आठवडा ८: ४३, ४४, ४२, ४४, ४३. बेरीज २१६. ६० ÷ २१६ × ६० = १६.७. मधला ४३.

पावसाने उघडीप दिली होती. एकूण ४३.२, उभं ४.४, चालतं ३८.८. चालता वेग १८.६. आत्तापर्यंतचा सगळ्यात चांगला, आणि या वेळी सिग्नलच्या कृपेने नाही. चढ वेगळा मोजला, लहान चक्रावर: साडेसात मिनिटं. म्हणजे १२ चा वेग! सहाव्या आठवड्यापेक्षा चालता वेळ १.४ मिनिटांनी उतरला आणि चढावर दीड मिनिट वाचलं. बाकीच्या रस्त्यावर मी जशीच्या तशी आहे.

किलोमीटरला मिनिटं: पहिल्या आठवड्यात ४.८, आठव्यात ३.६. २० चं लक्ष्य वहीत खोडलं. त्या जागी "४२, कोरडा रस्ता" असं लिहिलंय.

टायर मात्र अजून तेच आहेत, निनाद.

टॉपगिअर निनाद

बदला आणि दोन आठवडे लिहा, मग बोलू. मी दीड मिनिटाची पैज लावतो.

ब्रेव्हेवाला

पैज स्वीकारा, पण हवा दर सोमवारी मोजून. नाहीतर नव्या टायरचं श्रेय नव्या हवेचं निघेल.

सातपूरकर

सगळं वाचलं. संध्याकाळचं का नाही लिहीत? माणूस घरीही येतो.

मंजिरी के

काका, लिहिली आज पहिल्यांदा. एकूण ७१ मिनिटं, TM ४४, उभं २७. त्यातली १४ मिनिटं नळस्टॉपच्या अलीकडे कोथिंबीर आणि दुधी, ६ मिनिटं दळण, उरलेली ७ सिग्नल. दुधी हँडलला लटकवला होता तो गुडघ्याला लागत होता, म्हणून ४४. उद्यापासून कॅरिअर बसवते.